व्हेंडरला दर कमी करायला सांगणारा मेल: सभ्य, पण आकड्यावर ठाम

परचेसमध्ये नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींना पहिल्या महिन्यात एक काम हमखास मिळतं. व्हेंडरने रेट वाढवून पाठवलेला असतो, साहेब म्हणतात, "एक मेल टाक त्यांना, कमी करायला सांग." मेल कसा टाकायचा ते कोणी सांगत नाही. मग एकतर काकुळतीला आलेला मेल जातो, नाहीतर धमकी दिल्यासारखा. बरेचदा दोन्ही एकाच मेलमध्ये असतं.

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत परचेस बघते. आमचे बरेचसे व्हेंडर मराठी आहेत, मेलही मराठीतच होतात. इथे मी एकच उदाहरण शेवटपर्यंत नेणार आहे: पॅकिंगचे पाच प्लाय, म्हणजे कागदाच्या पाच थरांचे बॉक्स. उदाहरणातले आकडे हिशोब समजावा म्हणून घेतलेले आहेत. कागदाचा आजचा भाव तुम्हाला तुमच्या बाजारात विचारून घ्यावा लागेल.

प्रकरण असं. बॉक्सचं माप ४५० × ३०० × २५० मिलिमीटर. महिन्याला ४,००० नग लागतात. आतापर्यंतचा दर ३४ रुपये, जीएसटी वेगळा, माल आपल्या गेटपर्यंत पोहोच. व्हेंडरने नवीन दर पाठवला ३८ रुपये. कारण दिलं, कागद महागला. सोबत मिलचं पत्र जोडलं: क्राफ्ट पेपर किलोमागे २ रुपयांनी वाढला.

आपल्या नव्या सहकाऱ्याने लिहिलेला पहिला मसुदा हा:

> विषय: रेट बाबत
>
> सर, आपण दिलेले रेट खूपच जास्त आहेत. आम्हाला दुसऱ्या पार्टीकडून बरेच कमी रेट मिळत आहेत. मॅनेजमेंटचे खूप प्रेशर आहे. प्लीज काहीतरी बेस्ट रेट द्या, नाहीतर नाइलाजाने दुसरा विचार करावा लागेल. आपले जुने संबंध आहेत म्हणून विचारत आहे. लवकरात लवकर रिप्लाय करा. गैरसमज नसावा.

हा मेल आपण नव्याने लिहिणार आहोत. पण त्याआधी थोडी तयारी आहे. ती झाली नसेल तर शब्द कितीही घासूनपुसून घेतले तरी मेल पोकळच राहतो.

हाताशी काय काय हवं

- व्हेंडरचं नवीन कोटेशन आणि त्यावरची व्हॅलिडिटीची तारीख
- मागचा पीओ, म्हणजे परचेस ऑर्डर: त्यातला जुना दर आणि त्यासोबतच्या अटी
- व्हेंडरने दरवाढीचं कारण म्हणून जोडलेला कागद (इथे मिलचं पत्र)
- मालाचं स्पेसिफिकेशन: माप, प्लाय, प्रिंटिंग आणि कागदाचा जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन
- रिकाम्या बॉक्सचं वजन (स्टोअर्समध्ये दहा बॉक्स काट्यावर ठेवा आणि दहाने भागा)
- साहेबांनी लेखी मंजूर केलेला जास्तीत जास्त दर
- पेमेंट कधीपर्यंत करता येईल, याचं अकाउंट्सकडून पक्कं उत्तर

१. आधी मर्यादा ठरवा, मग मेल उघडा

पहिल्या मसुद्यात एकही आकडा नाही. "बेस्ट रेट द्या" म्हटलं की व्हेंडर पन्नास पैसे कमी करतो आणि म्हणतो, "दिला की बेस्ट." त्याचं काहीच चुकत नाही. किती कमी हवं हे आपण सांगितलेलंच नसतं.

आकडा हवेतून काढायचा नाही. आपल्या बॉक्सचं वजन भरलं ७७० ग्रॅम. कागद किलोमागे २ रुपयांनी वाढला, म्हणजे एका बॉक्सवर १ रुपया ५४ पैसे. कापताना काही कागद वाया जातो, तो ५ टक्के धरला तर वाढ १ रुपया ६० पैशांच्या आसपास जाते. व्हेंडरने वाढवले ४ रुपये. उरलेले २ रुपये ४० पैसे कशाचे, याचं उत्तर मिलच्या पत्रात नाही.

आता हे २ रुपये ४० पैसे सगळेच नाकारायचे का? मी नाकारत नाही. वर्षभरात मजुरी वाढते, टेम्पोचं भाडं वाढतं, आणि तेही व्हेंडरच्याच खिशातून जातं. साहेबांशी बोलून त्यापोटी ४० पैसे धरले. ३४ अधिक १.६० अधिक ०.४०, म्हणजे ३६ रुपये. ही आपली मर्यादा. ३८ आणि ३६ मधला फरक महिन्याला ८,००० रुपये आणि वर्षाला ९६,००० रुपये होतो. मेल नीट लिहिण्यावर अर्धा दिवस घालवायला एवढं कारण पुरेसं आहे.

मर्यादा मेल लिहिण्याआधीच मंजूर झालेली हवी. "३६ च्या पुढे जाता येणार नाही" असं तुम्ही लिहिलंत आणि दोन दिवसांनी साहेबांनी फोनवर ३७ ला होकार दिला, तर तुमच्या पुढच्या कुठल्याही मेलमधला आकडा तो व्हेंडर खरा मानणार नाही. म्हणून मी साहेबांकडून एका ओळीत उत्तर मागून घेते: "या बॉक्ससाठी कमाल दर ३६.००, जीएसटी वेगळा, पोहोच. मंजूर?" त्यावर त्यांचं "मंजूर" आलं की मगच लिहायला बसते.

एक प्रश्न नवीन लोक नेहमी विचारतात: मर्यादा पहिल्याच मेलमध्ये सांगायची का? नवीन व्हेंडर असेल, तीन-चार जणांकडून कोटेशन मागवलेली असतील, तर नाही. तिथे आधी सगळ्यांचे दर येऊ द्या. पण जुना व्हेंडर दरवाढ मागतो आहे, कारण समोर आहे आणि हिशोब करता येतो, अशा वेळी आकडा लपवून काही मिळत नाही. उलट चार मेल वाढतात आणि महिना संपत येतो.

२. मसुद्यातलं काय काढायचं ते आधी पाहा

लाल पेन घेऊन एकेक वाक्य तपासा.

"रेट खूपच जास्त आहेत." कशाच्या तुलनेत? हे नुसतं मत झालं, आणि मतावर फक्त वाद घालता येतो. त्याजागी १.६० चा हिशोब येईल.

"दुसऱ्या पार्टीकडून बरेच कमी रेट मिळत आहेत." हे खरं नसेल तर लिहूच नका. बॉक्सच्या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात, संध्याकाळपर्यंत खरं-खोटं कळतं. आणि खरं असेल तरी दुसऱ्याचं नाव किंवा दर मेलमध्ये टाकायचा नाही. तुमचा मेल स्क्रीनशॉट होऊन कोणाच्या व्हॉट्सॲपवर जाईल याचा भरवसा नाही, आणि ज्याने विश्वासाने कोटेशन दिलं त्याचा तो विश्वासघात ठरतो.

"मॅनेजमेंटचे खूप प्रेशर आहे." हे वाचून व्हेंडरला एवढंच कळतं की निर्णय तुमच्या हातात नाही. मग तो तुम्हाला बाजूला ठेवून थेट साहेबांना फोन करतो.

"नाहीतर दुसरा विचार करावा लागेल" आणि "जुने संबंध आहेत" या दोन ओळी एकमेकींना कापतात. आधी धमकी, मग लगेच गळ्यात हात. ऑर्डर खरोखरच दुसरीकडे जाणार असेल, तर ती केव्हा जाणार आणि किती जाणार हे सरळ सांगावं. त्यात धमकीचा सूर राहत नाही. समोरच्याला नियोजन करायला वेळ मिळतो.

"लवकरात लवकर" म्हणजे कधी? तारीख आणि वेळ लिहा.

"गैरसमज नसावा" ही ओळ काढूनच टाका. गैरसमज होण्यासारखं मेलमध्ये काही ठेवायचंच नाही.

३. मर्यादा सांगणारं वाक्य वेगळं लिहा

या एका वाक्यावर मी सर्वांत जास्त वेळ देते. ते चुकलं तर बाकीचा चांगला मेल फुकट जातो.

हेच म्हणणं पाच तऱ्हांनी लिहून बघा:

- "शक्यतो ३६ रुपयांपर्यंत काही जमतंय का बघावे."
- "आम्हाला ३६ च्या वर परवडत नाही."
- "३६ च्या वर आम्ही एक पैसाही देणार नाही."
- "कृपया ३६ रुपये दर द्यावा, ही विनंती."
- "या बॉक्ससाठी आम्हाला ३६.०० रुपयांच्या पुढे जाता येणार नाही."

पहिल्या वाक्यातल्या "शक्यतो", "काही", "बघावे" या तीन शब्दांनी ३६ चा आकडा सैल करून टाकला आहे. वाचणारा मनात ३७ धरतो. "परवडत नाही" ही मंडईतली भाषा आहे. ते ऐकलं की समोरचा घासाघीसच समजतो आणि "मग कितीला परवडेल?" असं विचारतो. तिसरं वाक्य ठाम आहे, पण वाचणाऱ्याचा अपमान करतं. तो कदाचित ३६ ला तयारही झाला असता, आता मात्र मानापोटी नाही म्हणेल. चौथं सभ्य आहे, पण ती विनंती आहे. विनंतीला नाही म्हणता येतं आणि बोलणी पुन्हा मूळपदावर येतात.

पाचव्या वाक्यात कुणावर आरोप नाही आणि आर्जवही नाही. "जाणार नाही" यात हट्ट दिसतो. "जाता येणार नाही" यात परिस्थिती दिसते, आणि तरी फट राहत नाही. त्याला लागूनच एक खरं कारण द्यायचं. आमच्या बाबतीत कारण होतं की आमच्या ग्राहकाचा दर मार्चअखेरपर्यंत बांधलेला आहे. कारण एकच पुरे. तीन कारणं दिली की वाचणारा त्यातलं सर्वांत कच्चं कारण पकडतो.

"कृपया" कुठे वापरायचा याचा माझा साधा नियम आहे: उत्तर मागताना वापरा, कागद मागताना वापरा, मर्यादेच्या वाक्यात वापरू नका. मर्यादेच्या आजूबाजूला "साधारण", "जवळपास", "अंदाजे", "तरी" हे शब्दही येऊ देऊ नका.

आकड्यासोबत त्याच्या अटी त्याच ओळीत हव्यात. ३६ रुपये जीएसटी धरून की वेगळा? माल आपल्या गेटपर्यंत पोहोच की त्यांच्या फॅक्टरीतून आपण उचलायचा? स्पेसिफिकेशन तेच का? हे लिहिलं नाही तर "३६ मान्य" असं उत्तर येतं आणि बिलात टेम्पोभाडं वेगळं लागतं.

४. आपण काय देणार तेही लिहा, पण त्याची किंमत आधी काढा

नुसती मर्यादा सांगितली तर मेल कोरडा वाटतो. व्हेंडरला ३६ ला येणं सोपं जाईल असं काहीतरी आपल्याकडूनही द्यावं. बॉक्सवाल्याला सहसा दोन गोष्टी हव्या असतात: पैसे लवकर आणि ऑर्डरची खात्री.

समजा आपण ४५ ऐवजी ३० दिवसांत पैसे देणार. महिन्याचं बिल १,४४,००० रुपये. व्हेंडर बँकेच्या कॅश क्रेडिटवर १२ टक्के व्याज भरत असेल, तर १५ दिवसांचे त्याचे सुमारे ७१० रुपये वाचतात. बॉक्समागे १८ पैसे. म्हणजे लवकर पैसे देतो म्हणून दोन रुपये कमी करा, असं म्हणण्यात अर्थ नाही, पण शेवटच्या पन्नास पैशांत याचा नक्की उपयोग होतो. सहा महिन्यांचं पक्कं वेळापत्रक दिलं तर त्याला कागद एकदम उचलता येतो, मशीनचं नियोजन करता येतं. त्याचा फायदा बहुधा याहून मोठा असतो.

इथे एक खड्डा आहे. काही जण उलट जास्त क्रेडिट मागून दर कमी झाल्यासारखं दाखवतात: "दर ठेवा ३८, पण ९० दिवस द्या." व्हेंडर सूक्ष्म किंवा लघु उत्पादक म्हणून उद्यम नोंदणी केलेला असेल तर हे चालत नाही. एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि करार नसेल तर ती १५ दिवस धरली जाते. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीमुळे, मुदतीत न दिलेली अशी रक्कम त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही, ती प्रत्यक्ष देऊ त्या वर्षी धरली जाते. तुमचे अकाउंट्सवाले ९० दिवस ऐकूनच कपाळाला हात लावतील.

आणि जे देणार म्हणाल ते अकाउंट्सला आधी विचारा. ३० दिवस लिहून ५० व्या दिवशी पैसे दिले की पुढच्या वेळी व्हेंडर त्या उशिराची किंमत दरातच धरून ठेवतो.

५. आता पूर्ण मेल

व्हेंडर मेल मोबाइलवर वाचतो, बरेचदा मशीनशेजारी उभा राहून. म्हणून आकड्याचं वाक्य स्वतंत्र परिच्छेदात ठेवा, लांब प्रस्तावना नको.

> विषय: पाच प्लाय बॉक्स ४५० × ३०० × २५०: सुधारित दर, उत्तर शुक्रवार २० तारखेपर्यंत
>
> नमस्कार साहेब,
>
> आपले १२ तारखेचे कोटेशन मिळाले. सोबत मिलचे पत्र जोडल्यामुळे हिशोब करणे सोपे झाले, त्याबद्दल धन्यवाद.
>
> कागद किलोमागे २ रुपयांनी वाढला आहे, हे आम्हाला मान्य आहे. आपल्या बॉक्सचे वजन ७७० ग्रॅम भरते. ५ टक्के वेस्टेज धरून ही वाढ बॉक्समागे सुमारे १.६० रुपये होते. मजुरी आणि भाड्यापोटी आम्ही आणखी ०.४० रुपये धरले आहेत. त्यामुळे ३४.०० चा दर ३६.०० होतो.
>
> या बॉक्ससाठी आम्हाला ३६.०० रुपयांच्या पुढे जाता येणार नाही. (जीएसटी वेगळा, भोसरी येथे पोहोच, स्पेसिफिकेशन सध्याचेच.) आमच्या ग्राहकाचा दर मार्चअखेरपर्यंत ठरलेला आहे.
>
> या दराला आमच्याकडून पुढील गोष्टी नक्की:
> दरमहा ४,००० नग, सहा महिन्यांचे वेळापत्रक पीओसोबत.
> पेमेंट ४५ ऐवजी ३० दिवसांत.
> कागदाचा दर किलोमागे १.५० रुपयांपेक्षा जास्त वर किंवा खाली गेल्यास दोघांनी बसून दर पुन्हा ठरवायचा.
>
> आमच्या हिशोबात काही सुटले असेल तर कृपया आकड्यासह कळवावे, आम्ही नक्की विचार करू.
>
> शुक्रवार, २० तारखेला सायंकाळी ५ वाजेपर्यंत कृपया उत्तर द्यावे. ३६.०० जमत असल्यास सोमवारी पीओ पाठवतो. जमत नसल्यास तसेही मोकळेपणाने कळवावे. पुढील महिन्याची ऑर्डर मग आम्हाला दुसरीकडे द्यावी लागेल. चालू पीओवरील माल आणि पेमेंट ठरल्याप्रमाणेच होईल.
>
> वरील दर आमचा पीओ निघाल्यावर लागू होईल.
>
> आपली,
> परचेस विभाग

यातल्या तीन ओळींकडे नीट पाहा. "हिशोबात काही सुटले असेल तर" या ओळीने मर्यादा सैल होत नाही. मर्यादा हलायची असेल तर नवीन आकडा लागेल, एवढंच ती सांगते. "जमत नसल्यास तसेही कळवावे" ही ओळ मला मेलमधली सर्वांत सभ्य ओळ वाटते, कारण समोरच्याला नाही म्हणायची जागा आपण दिली आहे. आणि पीओची ओळ कायद्यासाठी आहे. आपल्याकडे ईमेलवरूनही करार होऊ शकतो. तुम्ही दर लिहिलात आणि त्याने "मान्य" म्हटलं तर बाकीच्या अटी न ठरताच तुम्ही बांधले जाऊ शकता.

कायद्याचीच आणखी एक गोष्ट. तुम्ही वेगळा दर सांगितला की व्हेंडरचं मूळचं ३८ चं कोटेशन कायम आहे असं गृहीत धरू नका. तो नंतर म्हणू शकतो, "ते तुम्ही नाकारलंत, आता ३९." म्हणून पर्यायी व्हेंडर खरोखर तयार असल्याशिवाय "दुसरीकडे देऊ" लिहू नका.

पाठवण्याआधी एक फोन करा: "साहेब, दराबद्दल मेल टाकतेय, हिशोब जोडलाय, बघून घ्या." एवढंच बोला, फोनवर आकड्याची घासाघीस सुरू करू नका. सीसीमध्ये त्यांच्या मालकांना किंवा आपल्या डायरेक्टरना पहिल्या फेरीत घालू नका. ते तक्रार केल्यासारखं दिसतं.

६. ३६.८० चं उत्तर आलं तर

बहुतेक वेळा हेच होतं. व्हेंडर १ रुपया २० पैसे खाली येतो आणि म्हणतो, "आता एवढं तरी तुम्ही सोसा." इथे नवीन माणूस फसतो. "अर्ध्यावर भेटू, ३६.४०" असं लिहून मोकळा होतो, आणि मर्यादा म्हणजे घासाघिशीची सुरुवात होती हे स्वतःच सिद्ध करतो.

मर्यादा हलवायची नसते, बाकीचं हलवता येतं. व्हेंडरचे ८० पैसे कुठे वाचतील ते शोधा. आठवड्याला हजार बॉक्सचा टेम्पो येत असेल तर पंधरवड्याला दोन हजारांचा चालेल का, हे स्टोअर्सला विचारा. छपाई दोन रंगांत असेल तर एका रंगात चालेल का, हे मार्केटिंगला विचारा. दोघांचा होकार आला की मग हे पाठवा:

> नमस्कार साहेब,
>
> आपण ३८.०० वरून ३६.८० वर आलात, त्याबद्दल आभार. आमची ३६.०० ची मर्यादा मात्र तीच आहे. फरक भरून निघावा म्हणून दोन गोष्टी सुचवते: माल दर आठवड्याऐवजी पंधरवड्याला २,००० नगांच्या खेपेत पाठवावा, आणि छपाई दोनऐवजी एका रंगात करावी. हे धरून ३६.०० बसते का, ते कृपया उद्या दुपारपर्यंत कळवावे.

पहिल्या मेलमधला हिशोब पुन्हा सांगितलेला नाही, हे लक्षात घ्या. तो त्याने वाचलेला आहे. पुन्हा सांगितला की आपणच गोंधळलोय असं वाटतं.

उत्तर आकड्यासह आलं, म्हणजे समजा त्याने दाखवलं की आतल्या नागमोडी थराचा, म्हणजे नालीचा कागद वेगळ्या मिलचा आहे आणि तो किलोमागे ३ रुपयांनी वाढलाय, तर ते खरं असल्याची खात्री करा आणि साहेबांकडे नवीन मंजुरी मागा. मंजुरी मिळाली तर मेलमध्ये काय बदललं ते लिहून नवीन मर्यादा द्या. नवीन माहितीमुळे आकडा बदलला तर कोणाचंच तोंड खाली होत नाही.

आणि तो नाहीच म्हणाला तर दोन ओळीत आभार माना, चालू पीओचं पेमेंट तारखेला द्या आणि ऑर्डर दुसरीकडे वळवा. यात कटुता आणायचं काही कारण नाही. कागद उतरला की हाच व्हेंडर स्वतःहून फोन करतो, असं मी बऱ्याचदा पाहिलंय.

७. होकार आल्यावर पहिला लॉट तपासा

"३६ मान्य" आलं की त्याच दिवशी पीओ काढा आणि त्यात मेलमधली प्रत्येक अट उतरवा: दर, जीएसटी वेगळा, पोहोच, नग, पेमेंटचे दिवस, कागदाच्या दराची अट. बॉक्सचं वजन आणि कागदाचा जीएसएमही लिहा. हे शेवटचं फार लोक विसरतात.

दर दाबून घेतला की काही वेळा माल हलका होतो. १५० जीएसएमच्या जागी १२० चा कागद येतो आणि डोळ्यांना ते दिसत नाही. माल आल्यावर दहा बॉक्सचं वजन करा. ७७० ग्रॅमच्या मागेपुढे ५ टक्के चालतं. पावसाळ्यात कागद ओल धरतो म्हणून वजन थोडं जास्तच भरतं, त्यामुळे तेव्हा कमी भरलं तर जास्त संशय घ्या. शंका आली तर एका बॉक्समधून दहा बाय दहा सेंटिमीटरचा तुकडा कापा, पाण्यात भिजवून थर सुटे करा, पूर्ण वाळवा आणि एक सपाट थर बारीक वजनकाट्यावर ठेवा. १५० जीएसएमचा थर दीड ग्रॅम भरतो. १.२ ग्रॅम भरला तर कागद १२० चा आहे.

तसं झालं तर तोही मेल याच पद्धतीने लिहायचा. आरोप नको. मोजलेलं वजन, पीओतलं वजन, काट्याचा फोटो, आणि एक सरळ ओळ: "पीओतील स्पेसिफिकेशनपेक्षा हलका माल आम्हाला स्वीकारता येणार नाही. बदलून कधी मिळेल, ते कृपया उद्यापर्यंत कळवावे."